पापण्या मंगळवारी सुजतात, कारण रविवारी शोधा

वाचकाचं पत्र

मी ४६ वर्षांची, नाशिकला शाळेत शिकवते. गेले आठ महिने वरच्या पापण्या सुजतात, कपाळावर केसांच्या कडेला आणि कानामागे खाज सुटते, कातडी सोलते. आठ-दहा दिवसांत ओसरतं आणि काही दिवसांनी पुन्हा सुरू. बहुतेक वेळा मंगळवारी-बुधवारी शाळेतच सुरुवात होते, म्हणून आधी खडूच्या धुळीवर संशय होता. वर्षभरापूर्वी घेतलेलं नवं फेस क्रीम फेकून दिलं, फरक नाही. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत चेहरा स्वच्छ, सोडली की दुप्पट. रक्ताच्या ॲलर्जी टेस्टमध्ये वांगं, दूध आणि शेंगदाणे निघाले. तिन्ही बंद केलेत. केसांना तीन-चार आठवड्यांनी एखाद्या रविवारी काळी मेंदी लावते, पण ती नऊ वर्षं एकाच कंपनीची आहे, हर्बल आहे आणि डोक्याला काहीच होत नाही, म्हणजे ती नसणार. कॉलेजपासून खोट्या कानातल्यांनी माझे कान चिघळतात, म्हणून मैत्रीण म्हणते निकेल आहे, चष्मा बदल. बहीण म्हणते सेंट आणि उदबत्ती बंद कर. मे महिन्यात पुतण्याचं लग्न आहे आणि पांढऱ्या केसांनी जायचं नाही. नेमकं काय सोडू?

उत्तर

आधी काय करायचं नाही ते सांगतो. खात्री करून घ्यायची म्हणून ती काळी मेंदी पुन्हा लावू नका. कानामागे ठिपकाभरही नको, हातावरही नको. तुमच्या पत्रातल्या सगळ्या संशयितांमध्ये मला तीच सर्वांत पुढे दिसते, आणि केसांच्या रंगाची ॲलर्जी एकदा जडली की पुढची खेप आधीच्यापेक्षा जोरात येऊ शकते.

तुम्ही तिला तीन कारणांनी सोडून दिलंत: नऊ वर्षं तीच आहे, हर्बल आहे, डोक्याला काही होत नाही. तिन्ही कारणं ऐकायला पटतात, पण त्यातलं एकही टिकत नाही.

जुनी वस्तू निर्दोष असते हा समज फार खोल रुजलेला आहे. चेहऱ्यावर काही उठलं की आपण गेल्या महिन्यात नवीन काय आणलं ते आठवतो. पण संपर्काने होणारी ॲलर्जी पहिल्या भेटीत होतच नाही. त्वचेतल्या रोगप्रतिकारक पेशींना एखादा पदार्थ 'ओळखीचा शत्रू' ठरवायला कमीत कमी दहा-पंधरा दिवस लागतात, आणि काहींच्या बाबतीत ते वर्षानुवर्षांच्या वापरानंतर घडतं. तोवर काहीही होत नाही. एकदा ओळख पक्की झाली की मात्र ती सहसा आयुष्यभर राहते. म्हणजे नऊ वर्षांचा वापर हा त्या पाकिटाच्या बाजूचा पुरावा नाही. उलट ॲलर्जी जडायला मिळालेल्या शंभरावर संधी आहेत.

ओळख पक्की झाल्यावरही ही प्रतिक्रिया लगेच येत नाही. शेंगदाणा खाऊन ओठ सुजले तर ते मिनिटांत सुजतात. इथे रक्तातल्या पेशींना त्वचेपर्यंत पोहोचून दाह माजवायला एक ते तीन दिवस लागतात. रविवारी दुपारी रंग लावला, तर सोमवारी रात्री कपाळाच्या कडेला चुणचुण, मंगळवारी खाज आणि बुधवारी सकाळी सुजलेल्या पापण्या, असा हा क्रम असतो. माणूस मंगळवारी काय खाल्लं आणि कुठे गेलो ते आठवत बसतो, म्हणून तुमच्याकडे खडूवर आळ आला. खडूची शंका तपासायला साधा प्रश्न पुरे: दिवाळीच्या सुट्टीत, शाळेत पाऊलही न टाकता, त्रास झाला होता का? दिवाळीच्या आधी बहुतेक जणी केस रंगवतात. भाऊबीजेच्या फोटोत तुमच्या पापण्या फुगलेल्या दिसत असतील, तर खडू सुटला.

डोक्याला काही होत नाही, ही तर अशा रुग्णांची नेहमीचीच गोष्ट. डोक्याची कातडी जाड असते, तेलकट असते, आणि तिथे हा रंग बऱ्याचदा निमूट सहन केला जातो. त्रास उठतो तो कडेला: कपाळाच्या वरच्या रेषेवर, कानांच्या पाळ्यांवर आणि कानामागे, मानेवर, आणि सर्वांत जास्त पापण्यांवर. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्यांत पातळ कातड्यांपैकी आहे. केस धुताना ओघळलेलं पाणी, उशीच्या अभ्र्याला लागलेला अंश, रंगाच्या बोटांनी चोळलेला डोळा, एवढंही तिला पुरतं. पापण्या सुजल्या म्हणून सगळे काजळाला आणि आयलायनरला धरतात. मात्र पापण्यांवरचा पुष्कळसा त्रास पापण्यांना न लावलेल्या गोष्टींमुळे होतो: केसांचा रंग, शाम्पू, नेलपॉलिश, हवेत उडवलेला सेंट.

आता 'हर्बल'. मेंदीच्या पानांची पूड हिरवट असते, भिजवून काही तास ठेवावी लागते, डोक्यावरही तासन्‌तास ठेवावी लागते, आणि पांढऱ्या केसावर तिचा रंग नारिंगी-लाल चढतो. लोखंडी कढईत कात-आवळा घालून भिजवली तर तपकिरीकडे झुकतो. पण निव्वळ मेंदीने केस काळेभोर होत नाहीत. जी पूड पाण्यात कालवली की दहा मिनिटांत काळवंडते आणि अर्ध्या-पाऊण तासात केस काळे करते, तिच्यात रंगाचं रसायन आहे. बहुतेक वेळा ते पॅरा-फिनिलीनडायअमीन असतं. आपण पीपीडी म्हणू. पाकिटावर पुढे पानाचं चित्र असेल, तुम्ही मागची बाजू पाहा. पीपीडीसारखे रंग असलेल्या उत्पादनावर सावधगिरीची सूचना छापणं आपल्याकडे नियमाने बंधनकारक आहे: काही जणांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. अशी ओळ बारीक अक्षरांत सापडली, तर 'हर्बल' या शब्दाचा प्रश्न तिथेच मिटला. सुटी, वजनावर मिळणारी काळी मेंदी असेल तर मागची बाजूच नसते, आणि तिच्यात पीपीडीचं प्रमाण किती हे कुणालाच माहीत नसतं. ती तर कुणीच वापरू नये.

इतकं सगळं एका बाजूला झुकत असलं तरी निकेल आणि सुगंध यांना न तपासता सोडायचं नाही. एका माणसाला दोन-तीन गोष्टींची ॲलर्जी असणं नवलाचं नाही, आणि तुम्हाला निकेलची असण्याची शक्यता खरोखरच दांडगी आहे; कॉलेजपासून चिघळणारे कान तेच सांगतात. पण निकेलची ॲलर्जी असणं वेगळं आणि पापण्या निकेलने सुजणं वेगळं. निकेल जिथे टेकतं तिथे डाग उठवतं: कानाच्या पाळीवर, नथीभोवती, जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ, घड्याळाच्या पट्ट्याखाली. चष्म्याने त्रास होत असेल तर दांडी जिथे टेकते तेवढाच पट्टा, कानशिलावर आणि कानावर, आणि नाकाच्या बाजूला पॅडचा धातू लागतो तिथे. शिवाय चष्मा रोज असतो, म्हणून त्रासही रोज असतो. दोन आठवडे गायब होऊन मंगळवारी उगवत नाही.

कानामागची जागा मात्र रंगातही येते आणि चष्म्यातही, म्हणून तिथे घोटाळा होतो. तो सोडवायला डायमिथाइलग्लायॉक्झिमची चाचणी आहे. तिचे तयार संच ऑनलाइन मिळतात, किंवा त्वचारोगतज्ज्ञ करून देतात. कापसाच्या बोळ्यावर द्रावणाचे थेंब घेऊन दांडीच्या आतल्या बाजूवर अर्धा मिनिट घासायचं. बोळा गुलाबी झाला तर त्या धातूतून निकेल सुटतंय. नवीन चष्म्यावरचा मुलामा शाबूत असताना बोळा पांढरा राहू शकतो आणि वर्षभराने घामाने मुलामा झिजल्यावर गुलाबी होतो, म्हणून झिजलेल्या जागीच घासा. तुमचा चष्मा प्लास्टिकचा असेल तर हा खटाटोप नको. मैत्रिणीचं ऐकून आज हजारोंचा टायटॅनियमचा चष्मा मात्र करू नका.

सुगंधाचं प्रकरण जास्त निसरडं आहे, कारण तो सगळीकडे असतो. सेंट मानेवर मारला तर मानेच्या बाजूला, डिओ असेल तर काखेत, आणि पापण्यांवर. कपाळाच्या केसरेषेला तो नेमकी कड आखत नाही. पण आपल्याकडे एक अपवाद आहे: सुगंधी केशतेल. रात्री चोपडून झोपलं की ते कपाळावर, कानांवर, उशीवर आणि तिथून पापण्यांवर जातं, आणि चेहऱ्यावरचा नकाशा रंगाच्या ॲलर्जीसारखाच दिसतो. तुम्ही तेलाबद्दल काही लिहिलेलं नाही. वापरत असाल तर ते संशयितांच्या यादीत घाला. उटण्याचंही तसंच, पण ते वर्षातून चार दिवस. उदबत्तीच्या धुराने होणारा त्रास हवेतून येतो, म्हणून तो चेहराभर असतो, त्या खोलीत रोज बसणाऱ्याला रोज होतो. वेष्टनावर 'परफ्यूम', 'पार्फम', 'फ्रॅग्रन्स' किंवा लिनालूल, लिमोनीन, जेरॅनिऑल, युजेनॉल, सिनॅमल अशी नावं दिसली की त्यात सुगंध आहे. 'अनसेंटेड' लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो, 'फ्रॅग्रन्स-फ्री' हवं. 'नैसर्गिक' चंदनाचं, गुलाबाचं, लव्हेंडरचं तेल हेही सुगंधच, आणि ॲलर्जीच्या दृष्टीने त्याला काही सवलत नाही.

(दोन गोष्टी तुमच्यासाठी नाहीत, पण याच तक्रारी घेऊन वाचणाऱ्या इतरांसाठी सांगून ठेवतो. कपाळाच्या मधोमध गोल चट्टा, पुढे तिथली कातडी पांढरी पडणं, हे टिकलीच्या गोंदाचं काम असू शकतं. आणि पापण्या, हनुवटीखालचा भाग, मान आणि कोपराच्या लवणी पावसाळ्यानंतर दरवर्षी पेटत असतील, तर १९५०च्या दशकात पुण्यात नजरेत आलेलं आणि मग देशभर पसरलेलं गाजर गवत आठवा. शेतावर किंवा मोकळ्या प्लॉटशेजारी वावर असेल तर विशेषच.)

तर आता शोध कसा घ्यायचा. पहिल्या आठ आठवड्यांत दोन गोष्टी एकदम करा. रंग पूर्ण बंद. आणि डोक्या-चेहऱ्याला लागणारं सगळं सुगंधी बंद: केशतेल, सेंट, क्रीम, पावडर, सुवासिक साबण. चेहरा साध्या पाण्याने किंवा सुगंधरहित क्लिन्झरने धुवा आणि कोरडा पडला तर साधी पांढरी पेट्रोलियम जेली लावा. चष्मा तोच राहू द्या, शाळा तीच राहू द्या, खाणंपिणं नेहमीचं ठेवा. आठ आठवडेच का? तुमचा रंगाचा फेरा तीन-चार आठवड्यांचा आहे, म्हणून आठ आठवड्यांत किमान दोन 'ठरलेले' मंगळवार येऊन जातील. ते दोन्ही कोरडे गेले तर त्याला काही अर्थ आहे. एकच चुकला तर योगायोग असू शकतो.

याच काळात भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा. रंग, ट्यूब, नेलपॉलिश, पार्लर, नवे दागिने, तेल: जे ज्या दिवशी लागलं ते त्या चौकोनात एका अक्षरात. त्रास सुरू झाला की नुसतं 'खाज' लिहू नका. कुठे सुरू झाली ते लिहा, आणि त्या दिवशी खिडकीच्या उजेडात डोळे मिटून एक आणि कानामागचा एक असे दोन फोटो काढा. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत सूज ओसरलेली असते आणि तिथे सांगायला फक्त 'असं-असं झालं होतं' एवढंच उरतं. फोटो असला की अर्धी चर्चा वाचते. मागचे आठ महिनेही मोबाइलच्या गॅलरीतून आणि रंगाच्या बिलांवरून बरेचसे भरून काढता येतील. प्रत्येक उद्रेकाच्या चौकोनामागची तीन घरं तपासा. त्यांत दरवेळी रंगाचा रविवार सापडतो का, ते पाहा.

घरचे लोकही यात येतात. यजमान दाढीला किंवा केसांना रंग लावत असतील, तर त्याच उशीवरून आणि टॉवेलवरून तो तुमच्यापर्यंत येऊ शकतो. तुमचा रंग बंद असूनही त्रास सुरूच राहिला, तर त्यांच्या रविवारांचीही खूण करा.

आठ आठवडे शांत गेले की सुगंधी वस्तू एकेक करून परत आणता येतात, पण थेट चेहऱ्यावर नाही. केशतेल किंवा क्रीम कोपराच्या आतल्या लवणीत, तीन बोटं रुंदीच्या चौकोनात, दिवसातून दोनदा, धुऊन न टाकता, सात दिवस लावा. शंका राहिली तर चौदा. लाल, खाजरा, बारीक पुरळाचा चट्टा उठला की थांबा, उत्तर मिळालं. एका वेळी एकच वस्तू, नाहीतर पुन्हा तोच गोंधळ. कोपराची कातडी पापणीपेक्षा जाड आहे, त्यामुळे तिथे काही उठलं नाही म्हणून वस्तू शंभर टक्के निर्दोष ठरत नाही. क्रीमसाठी मग पुढचा आठवडा कानाच्या खाली मानेवर घ्या. ही चाचणी अंगावर तशाच राहणाऱ्या वस्तूंचीच. शाम्पू, फेसवॉश किंवा साबण असा दिवसभर लावून ठेवला तर कुणाचीही कातडी लाल होईल. आणि केसांचा रंग या पद्धतीने कधीच तपासायचा नाही.

रंगासाठी पॅच टेस्ट. ती त्वचारोगतज्ज्ञाकडेच करायची. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत आणि मोठ्या शहरांतल्या अनेक दवाखान्यांत होते, नाशिक-पुणे-मुंबईत शोधावी लागणार नाही. भारतीय रुग्णांसाठी ठरवलेली पदार्थांची मालिका असते. पीपीडी, निकेल, सुगंधांचं मिश्रण आणि गाजर गवत हे सगळे तीत येतात. बारीक वाट्यांमध्ये एकेक पदार्थ ठरावीक प्रमाणात भरून (पीपीडी साधारण १ टक्का, निकेल सल्फेट ५ टक्के) त्या पट्ट्या पाठीच्या वरच्या भागावर चिकटवतात. सोमवारी चिकटवल्या तर बुधवारी काढून पहिलं वाचन, आणि शुक्रवारी दुसरं. शुक्रवारचं वाचन टाळू नका. रसायनाने नुसती चुरचुरलेली जागा बुधवारी लाल असते आणि शुक्रवारपर्यंत फिकी पडते. खरी ॲलर्जी उलट शुक्रवारी जास्त फुलते. काही पदार्थ तर सातव्या दिवशी बोलतात. बुधवारीच 'काही नाही' म्हणून घरी पाठवणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नये, असं माझं मत.

त्या पाच दिवसांत पाठ भिजवायची नाही, घाम काढायचा नाही, पट्टी सुटू द्यायची नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे हे जमत नाही. पट्ट्या घामाने निघून येतात आणि सगळं वाया जातं. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत उरकून घ्या. त्याआधी आठवडाभर पाठीला कोणतंही स्टेरॉइड क्रीम नको, आणि चेहरा पेटलेला असताना चाचणी नको, कारण तेव्हा पाठही चिडचिडी असते आणि खोटे लाल डाग उठतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर चाचणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते. गोळ्या स्वतःहून तोडू नका, डॉक्टरांना सांगा, ते दिवस ठरवतील. खाजेच्या साध्या गोळ्यांनी या चाचणीत सहसा बिघडत नाही. रंगाने डोळे मिटतील इतकी सूज कधी आली असेल तर तेही सांगा, म्हणजे ते पीपीडी सौम्य करून किंवा कमी वेळ लावतील.

समजा शुक्रवारी तुमच्या पाठीवर असं आलं: निकेल दोन अधिक, पीपीडी दोन अधिक, सुगंधाचं मिश्रण एक अधिक. (एक अधिक म्हणजे लाल आणि किंचित उचललेलं, दोन म्हणजे वर बारीक फोडही.) इथे बरेच जण तिन्ही गोष्टी घराबाहेर काढतात, चमचेसुद्धा बदलतात. तसं करू नका. पाठीवरचा डाग एवढंच सांगतो की शरीराला तो पदार्थ ओळखीचा आहे. आजच्या पापणीचा गुन्हेगार तोच, असं तो सांगत नाही. प्रत्येक निकालाला तीन प्रश्न विचारायचे: हा पदार्थ माझ्या वापरात कुठे आहे, तो त्या जागी पोहोचतो का, आणि त्याच्या दिवसांचा मेळ बसतो का? निकेलचं उत्तर कानातल्यांत मिळतं. तो निकाल खरा, पण तो कॉलेजच्या दिवसांतल्या कानांचा. खोटे दागिने टाळायचे, बाकी काही नाही. सुगंधाचा एक अधिक कमकुवत आहे. तुमचं तेल कोपरावर टिकलं की नाही त्यावर त्याचं वजन ठरेल. पीपीडी वस्तूतही आहे, कपाळाच्या कडेलाही पोहोचतो, आणि रविवारपासून मंगळवारचा हिशोबही जुळवतो. सोडायची ती ही एकच गोष्ट, कदाचित सोबत तेल.

रक्ताची चाचणी या आजारासाठी नाहीच. ती रक्तातल्या आयजीई प्रतिपिंडांचा शोध घेते, आणि ही ॲलर्जी त्या प्रतिपिंडांची नसून पेशींची आहे. खाल्ल्यावर तोंडाला खाज, अंगावर गांधी किंवा उलट्या असं कधी झालं नसेल, तर वांगं, दूध आणि शेंगदाणे तुमच्या ताटात परत येऊ द्या.

ट्यूबचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण वर्णनावरून ती तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी मिसळ असावी. तिने दोन दिवसांत चेहरा साफ होतो कारण स्टेरॉइड दाह दाबतं, आणि सोडल्यावर दुप्पट होतं त्यात ॲलर्जीइतकाच ट्यूबचाही हात असू शकतो. महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि पापण्यांवर रोज लागत राहिली तर डोळ्याचा दाब वाढण्याची भीती असते. त्यातल्या निओमायसिनसारख्या प्रतिजैविकाचीच ॲलर्जी जडलेले रुग्णही असतात. शिवाय ट्यूब चालू असताना तुमचं कॅलेंडर खोटं बोलतं. ती उरलेली ट्यूब डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने थांबवा. पापण्यांसाठी ते थोड्या दिवसांचं सौम्य स्टेरॉइड किंवा स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस देऊ शकतील. सूज आलेल्या दिवशी घरी करायचं ते एवढंच: रंग लावून दोन-चार दिवसच झाले असतील तर मान मागे टाकून, पाणी चेहऱ्यावर येऊ न देता, केस दोन-तीनदा धुवा, आणि डोळ्यांवर गार पाण्यात पिळलेला सुती कपडा दहा मिनिटं ठेवा. हळद, लिंबू, कडुलिंब, कोरफड काहीही नको. डोळे उघडतच नसतील, फोडांतून पाणी वाहत असेल, ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट इस्पितळ.

राहिलं लग्न. पीपीडी पक्का ठरला तर दुकानातल्या बहुतेक काळ्या-तपकिरी पक्क्या रंगांचा रस्ता बंद होतो. 'अमोनिया-फ्री' लिहिलेल्यातही पीपीडी असतो. अमोनियाचा आणि या ॲलर्जीचा संबंध नाही. 'पीपीडी-फ्री' लिहिलेल्यात त्याचा भाऊबंद, टोल्युइन-२,५-डायअमीन, असू शकतो आणि पीपीडीवाल्या पुष्कळ जणांना तोही सोसत नाही. पार्लरवाली 'आमचा इटालियन आहे, काही होत नाही' म्हणाली, तरी डबा मागून घटक वाचा.

उरतो तो खऱ्या मेंदीचा आणि निळीच्या पानांचा जोडरंग. आधी शुद्ध मेंदी दोन-तीन तास ठेवून धुवायची, मग निळीच्या पानांची हिरवी पूड कोमट पाण्यात चिमूटभर मिठासह भिजवून पंधरा-वीस मिनिटांत लावायला घ्यायची आणि दीड-दोन तास ठेवायची. पहिल्या दिवशी केस हिरवट-निळसर दिसतात, घाबरू नका. पुढच्या दोन दिवसांत रंग गडद होतो. हळदीच्या आदल्या दिवशी लावाल तर फोटोत हिरव्या दिसाल, चार-पाच दिवस आधी लावा, आणि मार्च महिन्यात एकदा थोड्या बटांवर रंगीत तालीम करा. दोन्ही पाकिटांवर पीपीडी नाही आणि इतर कोणताही रंग नाही याची खात्री हवी. निळीची पूड 'काळी मेंदी' या नावाने विकली जात असेल तर घेऊ नका. एवढा उपद्व्याप नको असेल तर मुळांवर भुरभुरवायची, धुतली की जाणारी पावडर मिळते. तिला रंग आयर्न ऑक्साइडने येतो, पण सुगंधासाठी वेष्टन वाचा. आधी रंगवलेले आणि नीट धुतले गेलेले केस कापायची मात्र गरज नाही. केसात पक्का बसलेला रंग सहसा त्रास देत नाही.

आणि निकाल 'पीपीडी पॉझिटिव्ह' आला तर तो कागद पर्समध्ये ठेवा. दातांच्या डॉक्टरांना आणि सल्फाची औषधं लिहिणाऱ्या डॉक्टरांना तो दाखवा, कारण हिरडीला लावायच्या काही बधिरीकरणाच्या जेलमधलं बेंझोकेन आणि काही सल्फा औषधं त्याच कुळातली आहेत. लग्नात मुलींच्या हातावर झटपट काळी नक्षी काढणारी बसली असेल, तर तिच्याकडे तुम्ही हात देऊ नका आणि पोरींनाही देऊ देऊ नका. त्या काळ्या कोनातही बहुधा हेच असतं, बऱ्याचदा केसांच्या रंगापेक्षा जास्त.